एक तृतीयांश: मँचेस्टरच्या काळ्या पतंगांचा हिशेब



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते उत्तर सांगून कधी मोकळे होत नसत. खडू हातात घेऊन ते प्रत्येक पायरी फळ्यावर मांडायचे आणि वर्ग त्यांच्याबरोबर मोजत पुढे जायचा. म्हणून आज मी एकच गणित घेऊन आलो आहे. ते आपण पायरीपायरीने करू आणि ते कुठपर्यंत नेतं ते पाहू.

हे गणित जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२४ साली केंब्रिजमध्ये असताना मांडलं. हाल्डेन आपल्याला परके नाहीत. १९५७ मध्ये ते भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं. पण १९२४ मध्ये त्यांच्यापुढे प्रश्न होता तो इंग्लंडच्या कारखानदारी भागातल्या एका पतंगाचा.

या पतंगाचं शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलारिया. त्याचे पंख पांढुरके असून त्यावर काळी मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके असतात. तो रात्री उडतो आणि दिवसभर झाडाच्या सालीला, फांद्यांना चिकटून निश्चल बसतो. सालीवर दगडफूल वाढलेलं असेल तर त्या पार्श्वभूमीवर तो जवळून पाहणाऱ्यालाही चटकन दिसत नाही. १८४८ साली मँचेस्टरमध्ये या जातीचा एक जवळजवळ पूर्ण काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. त्या काळी तो दुर्मिळ होता, संग्राहकांनी टाचणीला लावून जपून ठेवावा असा. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेलं आणि खोडं काजळीने काळवंडली. शतक संपता संपता मँचेस्टरच्या परिसरात चित्र पूर्ण उलटलं होतं. शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव पतंग काळे होते आणि पांढुरका सापडणं नवलाचं झालं होतं.

पतंगांच्या पैदाशीतून एक गोष्ट १९२४ पर्यंत कळली होती. काळा रंग एका जनुकाच्या एका पर्यायामुळे येतो आणि तो पर्याय प्रभावी आहे. जनुकाच्या अशा पर्यायांना ॲलील म्हणतात. प्रत्येक पतंगात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती गडद पर्यायाच्या असोत किंवा एकच असो, पतंग सारखाच काळा होतो. दोन्ही प्रती फिकट पर्यायाच्या असतील तरच तो पांढुरका होतो. हे लक्षात ठेवा, कारण आजचं सारं व्याख्यान या एका अटीभोवती फिरणार आहे. या जातीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणजे १८४८ पासून शतकाअखेरपर्यंत सुमारे पन्नास पिढ्या झाल्या. काळ्या आणि पांढुरक्याच्या मधल्या रंगछटाही आढळतात, पण हाल्डेन यांच्याप्रमाणे आपणही काळे आणि पांढुरके असे दोनच प्रकार धरू.

हाल्डेन यांनी विचारलेला प्रश्न असा. पन्नासेक पिढ्यांत शंभरात एक असलेले काळे शंभरात नव्याण्णव व्हायचे असतील, तर काळ्या पतंगाला फिकटाच्या तुलनेत किती फायदा मिळत असला पाहिजे? पतंगांना कोण खातं, किती खातं, हे कोणी मोजलेलं नव्हतं. त्यांच्या हाती फक्त दोन टोकांची प्रमाणं आणि मधली वर्षं होती.

हा फायदा मोजायची संख्या म्हणजे निवड गुणांक. तिचं चिन्ह s. समजा, अंड्यापासून प्रजननापर्यंत पोहोचून मागे संतती ठेवण्यात काळ्या पतंगाचं यश १ धरलं. त्या मापात फिकटाचं यश १ − s असतं. s शून्य असेल तर रंगाने काहीच फरक पडत नाही. s एक असेल तर फिकट पतंगाची संतती मागे उरतच नाही. इथे निरपेक्ष आकडे लागत नाहीत, आणि ही या मापाची मोठी सोय आहे. शंभर अंड्यांतून प्रत्यक्षात दोन पतंग मोठे होतात की पाच, याला महत्त्व नाही. एका प्रकारचे तीन टिकतात तेव्हा दुसऱ्याचे किती टिकतात, एवढंच गणितात येतं.

आपण s एक तृतीयांश धरू. म्हणजे काळे तीन टिकले तर तेवढ्याच फिकटांतून दोन टिकतात. हीच संख्या का, ते ओघात कळेल.

सुरुवातीला दहा हजार पतंग घेऊ. त्यांत काळे शंभर, म्हणजे एक टक्का, आणि फिकट ९,९००. दुर्मिळ ॲलीलच्या दोन प्रती एकाच पतंगात येणं त्याहूनही दुर्मिळ, म्हणून हे शंभरच्या शंभर काळे मिश्र आहेत असं धरायला हरकत नाही. प्रत्येकात एक प्रत गडद आणि एक फिकट. दहा हजार पतंगांत मिळून जनुकाच्या वीस हजार प्रती आहेत आणि त्यांतल्या गडद शंभर. गडद ॲलीलची वारंवारता शंभर भागिले वीस हजार, म्हणजे ०.००५.

आता निवड होऊ द्या. काळे शंभरही टिकतात, कारण आपण त्यांचं यश एक धरलं आहे. फिकटांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे ६,६०० उरतात. एकूण उरले ६,७०० पतंग आणि जनुकाच्या १३,४०० प्रती. गडद प्रती किती? अजूनही शंभरच. एकही वाढलेली नाही. पण त्यांच्याभोवतीची गर्दी विरळ झाली आहे. शंभर भागिले १३,४०० म्हणजे ०.००७४६. अर्ध्या टक्क्याची वारंवारता एका पिढीत पाऊण टक्क्याला टेकली.

उरलेले पतंग एकमेकांशी यदृच्छया मीलन करतात आणि पुन्हा दहा हजारांची पिढी तयार होते. तिच्यात गडद प्रती वीस हजारांत सुमारे १४९, म्हणून काळे पतंग जवळपास १४९ आणि फिकट ९,८५१. फिकटांतले ६,५६७ टिकतात. एकूण ६,७१६ पतंग, १३,४३२ प्रती. १४९ ला १३,४३२ ने भागा. वारंवारता ०.०१११. दोन पिढ्यांत ती दुपटीहून वर गेली.

हीच रीत एका ओळीत लिहिता येते. गडद ॲलीलची वारंवारता p आणि फिकटाची q, दोन्हींची बेरीज एक. यदृच्छ मीलनात फिकट पतंगांचं प्रमाण q² असतं, कारण फिकट दिसायला दोन्ही प्रती फिकट लागतात. त्यांतला s एवढा भाग जातो. म्हणून उरलेल्यांचं एकूण प्रमाण 1 − s·q², आणि पुढच्या पिढीतली वारंवारता:

p′ = p ÷ (1 − s·q²)

या सूत्रात वर काहीच बदलत नाही, फक्त खालचा भाजक एकाहून लहान होतो. आपण हाताने जे केलं तेच हे. ज्यांच्याकडे साधा कॅल्क्युलेटर आहे त्यांनी घरी अर्धा तास काढून पंचेचाळीस वेळा हा भागाकार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. सूत्र वाचून जे कळत नाही ते आकडे एकामागून एक उमटताना कळतं.

मी ते करून आणलं आहे. पाचव्या पिढीत गडद ॲलील ३.६ टक्के आणि काळे पतंग ७ टक्के. दहाव्या पिढीत ॲलील १८.७ टक्के, काळे पतंग ३४ टक्के. बाराव्या पिढीत काळे पतंग अर्ध्याच्या जरा वर जातात. पंधराव्याला ७१.५ टक्के, विसाव्याला ८८.६ टक्के. विसाव्या पिढीपर्यंत दुर्मिळ असलेला काळा पतंग सर्वसाधारण झाला, आणि इथवर अजून अर्धा काळही संपलेला नाही. तिसाव्या पिढीत काळे ९६.९ टक्के, चाळिसाव्या पिढीत ९८.७ टक्के. नव्याण्णवची रेषा ओलांडली जाते ती पंचेचाळिसाव्या पिढीत.

आता या आकड्यांपाशी थोडं थांबू. सारा काळ s एकच होता, एक तृतीयांश. धूर वाढला नाही, कमी झाला नाही. तरी पहिल्या वीस पिढ्यांत काळे एक टक्क्यावरून ८८.६ टक्क्यांवर गेले आणि पुढच्या पंचवीस पिढ्यांत जेमतेम साडेदहा टक्के सरकले. निवडीचा जोर तोच असताना वेग असा का पडला?

प्रारंभीची वाढ चक्रवाढ व्याजासारखी आहे. गडद ॲलील दुर्मिळ असताना तो जवळपास नेहमी फिकटाशी जोडीने असतो, आणि प्रभावी असल्यामुळे एकटाही पतंगाला काळं करतो. त्याची प्रत्येक प्रत पहिल्या पिढीपासून फायदा मिळवते. म्हणून दर पिढीला जवळपास दीडपट. एक तृतीयांश तोटा म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिलं तर दीडपट फायदा, हे तीनाला दोनाने भागून पाहता येईल.

मध्यावर काय होतं ते बाराव्या पिढीत पाहू. गडद ॲलील २९.७ टक्के. दहा हजारांत दोन्ही प्रती गडद असलेले ८८३, मिश्र ४,१७८ आणि फिकट ४,९३९. फिकटांतले ३,२९३ टिकतात, म्हणजे १,६४६ फिकट कमी होतात. गडद प्रती ८८३ च्या दुप्पट अधिक ४,१७८, म्हणजे ५,९४४. उरलेल्या एकूण प्रती १६,७०८. भागाकार ०.३५६. एका पिढीत जवळपास सहा टक्क्यांची झेप, आणि सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी झेप हीच. लक्षात घ्या, काळे पतंग संख्येने निम्मे झाले तेव्हा गडद ॲलील अजून तीस टक्क्यांच्या आतच होता. पतंग मोजणाऱ्याला वाटेल निम्मं काम झालं. जनुक मोजणारा सांगेल, तिसरा हिस्साही नाही.

आता चाळिसावी पिढी. गडद ॲलील ८८.५ टक्के. दहा हजारांत दोन्ही प्रती गडद असलेले ७,८२८, मिश्र २,०३९ आणि फिकट फक्त १३३. निवड या १३३ पैकी ४४ कमी करते. दहा हजारांत चव्वेचाळीस. फिकट ॲलीलच्या प्रती मात्र मिश्र पतंगांत २,०३९ आहेत. त्या काळ्या पंखांआड आहेत आणि भक्षकाला त्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

वेग पडण्याचं कारण हे आहे. फिकट ॲलीलची एखादी प्रत निवडीच्या तडाख्यात सापडण्यासाठी तिची जोडीदार प्रतही फिकट असावी लागते, आणि ती शक्यता q एवढी. पहिल्या पिढीत फिकट प्रतींपैकी ९९.५ टक्के उघड्यावर होत्या. चाळिसाव्या पिढीत साडेअकरा टक्केच उघड्यावर उरल्या, बाकी साडेअठ्ठ्याऐंशी टक्के मिश्र पतंगांत सुरक्षित. निवड गुणांक पतंगावर लागू होतो, ॲलीलपर्यंत तो प्रभावीपणाच्या चाळणीतून पोहोचतो.

हीच चाळणी सुरुवातीला उलट लावून पाहा. समजा, काळा रंग अप्रभावी असता आणि तेवढाच दीडपट फायदा देत असता. अर्ध्या टक्क्याला असलेला ॲलील पतंगाला काळं करायला दोन प्रती मागतो, आणि असे पतंग चाळीस हजारांत एक. अर्ध्या टक्क्यावरून एक टक्क्यावर जायला अशा ॲलीलला सुमारे दोनशे पिढ्या लागतात. प्रभावी ॲलीलने तेच अंतर दोन पिढ्यांत कापलं. इंग्लंडच्या काजळीत इतर पतंगांच्या जातीही काळ्या झाल्या आणि त्यांतलेही बहुतेक काळे पर्याय प्रभावीच निघाले. या हिशेबानंतर त्याचं आश्चर्य वाटत नाही. कारखान्यांनी दिलेली मुदत शंभर वर्षांच्या आसपासची होती, आणि अप्रभावी पर्यायाला तेवढ्यात डोकं वर काढणंही कठीण होतं.

तर एक तृतीयांश धरून एक टक्क्यावरून नव्याण्णववर जायला पंचेचाळीस पिढ्या लागल्या. हाल्डेन यांनी समीकरण सोडवून काढलेला आकडाही ०.३३ च्या आसपास होता. मी s एक तृतीयांश का धरला, ते आता उघड झालं. s एक टक्का धरला असता तर याच प्रवासाला सुमारे सोळाशे पन्नास वर्षं लागली असती.

त्या काळात एक तृतीयांश हा आकडा पचायला जड होता. निवडीचा जोर मानणारेही तो शेकड्यात एखाद-दोन असा धरत. काळ्या पतंगाची संतती फिकटापेक्षा पन्नास टक्के जास्त टिकते, हे कोणी रानात पाहिलेलं नव्हतं. आणि हाल्डेन यांचा आकडा किमान होता. १८४८ मध्ये काळे एक टक्का होते ही त्यांची सवलत होती. त्या वेळी ते दहा हजारांत एक असते, तर आणखी अकरा-बारा पिढ्या लागल्या असत्या. आणि तेवढी वर्षं उपलब्ध नसल्याने s आणखी मोठा मानावा लागला असता.

रानातला पुरावा यायला जवळपास तीस वर्षं गेली. बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या जंगलात पतंगांवर रंगाचा ठिपका देऊन ते सोडले आणि पुढच्या रात्रींत पुन्हा पकडले. सोडलेल्या ४४७ काळ्यांपैकी १२३ परत मिळाले, म्हणजे २७.५ टक्के. सोडलेल्या १३७ फिकटांपैकी १८ मिळाले, म्हणजे १३.१ टक्के. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ, दगडफुलाने मढलेल्या रानात आकडे उलटे आले: काळे ६.३ टक्के, फिकट १२.५ टक्के. एका जागी काळ्याची सरशी दुपटीची, दुसऱ्या जागी फिकटाची. ॲलील तोच. म्हणून निवड गुणांक ही ॲलीलच्या अंगी जडलेली संख्या नाही. ती ॲलील, जागा आणि काळ यांच्या नात्याची संख्या आहे, आणि जागा सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही.

केटलवेल यांच्या आकड्यांवरून कोणी s अर्धा आहे असं म्हणेल, तर मी त्याला थांबवेन. ही काही दिवसांची तुलना आहे, पूर्ण आयुष्याची नव्हे. सापळ्यात येण्याची सवय दोन्ही प्रकारांत सारखीच होती, हेही इथे गृहीत धरलेलं आहे. शिवाय त्यांनी पतंग उघड्या खोडांवर सोडले आणि रानात असतात त्यापेक्षा दाट सोडले, हा आक्षेप पुढे झाला आणि तो रास्त होता. मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजमध्ये २००१ ते २००७ अशी वर्षानुवर्षं ४,८६४ पतंगांवर निरीक्षणं केली. पतंग दिवसा नेमके कुठे बसतात ते त्यांनी आधी पाहिलं आणि त्याच जागी, विरळ ठेवून, कोणाला पक्षी उचलतात ते नोंदवलं. मॅजेरस २००९ मध्ये गेले. त्यांचे आकडे सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. आता धूर ओसरलेला होता, म्हणून तोटा काळ्यांचा होता. रोजच्या भक्षणात काळ्यांविरुद्धचा s सुमारे ०.१ निघाला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकाच पट्ट्यात पडतात का, हे पाहणं ही या शास्त्रातली खरी कसोटी आहे. एक वाट वर्षानुवर्षं बदललेल्या प्रमाणांची, दुसरी प्रत्यक्ष मोजलेल्या मृत्यूंची.

पहिल्या वाटेवर धूर ओसरल्यानंतरची नोंदही मिळते. ब्रिटनमध्ये १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. सिरिल क्लार्क यांनी लिव्हरपूलजवळच्या विरल द्वीपकल्पावर काल्डी इथे १९५९ पासून दरवर्षी पतंग मोजले. सुरुवातीला काळे नव्वद टक्क्यांच्या वर होते, १९९० च्या दशकाच्या मध्यावर ते वीस टक्क्यांच्या आत आले. आपलं समीकरण उलट चालवलं, म्हणजे आता काळ्यांचं यश १ − s धरलं, तर छत्तीस पिढ्यांतल्या या उतारासाठी s सुमारे ०.१५ निघतो. धुराच्या काळात काळ्यांना जेवढा फायदा होता, त्याच्या निम्माच तोटा.

हिशेब कुठे चुकतो हेही सांगितलं पाहिजे, कारण चुकण्याच्या जागी नवी माहिती दडलेली असते. मँचेस्टरमध्ये १८९५ च्या सुमारास फिकट शंभरात एक झाले असं धरा आणि तोच s ठेवून आणखी पंचावन्न पिढ्या चालवा. १९५० च्या सुमारास फिकट सुमारे आठशेत एक उरायला हवेत. प्रत्यक्षात ते त्याहून स्पष्टपणे जास्त सापडत होते, शंभरात एखाद-दोन. आपल्या समीकरणात मँचेस्टर हे कुंपण घातलेलं शहर होतं. पतंगाला कुंपण नाही, तो उडत येतो. स्वच्छ रानातून दर पिढीला काही फिकट ॲलील शहरात येत राहिले, तर निवड जेवढे काढते तेवढेच आत येतील अशी एक समतोल जागा तयार होते. तिथे फिकटांचं प्रमाण साधारण स्थलांतराचा दर भागिले s एवढं असतं. s एक तृतीयांश आणि फिकट शंभरात एक ठेवायचे असतील, तर दर पिढीला हजारात तीनच पाहुणे पुरतात. इतकी थोडी आवक डोळ्यांना कधी दिसणार नाही. समीकरणाच्या चुकलेल्या शेपटातून मात्र तिचा अंदाज येतो.

दुसरी चूक सुरुवातीच्या टोकाला आहे. आपण शंभर काळ्यांपासून निघालो. पण कधीतरी काळा ॲलील एका पतंगात, एकाच प्रतीत जन्मला असणार. २०१६ मध्ये त्याचा पत्ता लागला. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा, २१,९२५ अक्षरांचा, येऊन बसला होता, आणि आसपासच्या डीएनएतल्या खुणांवरून ही घटना १८१९ च्या सुमारास घडली असावी असा अंदाज निघाला. एका प्रतीपासून दर पिढीला दीडपट वाढ धरली, तर १८१९ ते १८४८ या एकोणतीस पिढ्यांत सव्वा लाखाच्या आसपास प्रती होतात. ही संख्या अशक्य वाटत नाही, पण तिच्यावर भार देऊ नये. १८१९ मध्ये धूर १८९० एवढा नव्हता आणि s ही तेवढा नसणार.

शिवाय एका प्रतीला समीकरण लागू पडत नाही. तिला योगायोग लागू पडतो. तो एक पतंग मीलनाआधीच कोळ्याच्या जाळ्यात सापडला, तर फायदा दीडपट असून काय उपयोग? हाल्डेन यांनी १९२७ मध्ये याचाही हिशेब केला. फायदा लहान असेल, तर नवा ॲलील टिकून पसरण्याची शक्यता साधारण त्याच्या दुप्पट असते. एक टक्का फायद्याचा नवा ॲलील शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा नाहीसा होतो. आपल्या दीडपट फायद्याला ते ढोबळ सूत्र पुरत नाही, पूर्ण समीकरण सोडवावं लागतं. त्यातून टिकण्याची शक्यता ५८ टक्के येते. एवढा मोठा फायदा, तरी शंभरात बेचाळीस वेळा तो काळा पतंग इतिहासात आलाच नसता. प्रती शेकड्यांत गेल्या की योगायोगाची पकड सुटते आणि मघाचा भागाकार विश्वासाने करता येतो.

शेवटी काळ्यांच्या उताराकडे परत येऊ, कारण तिथे प्रभावीपणा दुसऱ्या टोकाने लागू होतो. काळे शंभरात दोन उरले असतील तर गडद ॲलील सुमारे एक टक्का आहे, आणि त्याची जवळपास प्रत्येक प्रत मिश्र पतंगात, म्हणजे काळ्या पंखांवर उघडी आहे. फिकट ॲलीलला १९०० साली लपायला जी जागा होती, ती गडद ॲलीलला नाही. s ०.१५ धरला तर दर पिढीला त्याच्या प्रती पंधरा टक्क्यांनी घटतात आणि साधारण सव्वाचार वर्षांत निम्म्या होतात. तो दुर्मिळ झाल्यानेही हा वेग मंदावत नाही. धुराच्या शंभर वर्षांत फिकट पतंग मँचेस्टरमधून एकदाही पूर्ण गेला नाही. काळ्या पतंगाची मात्र बाहेरून आवक थांबली आणि हवा अशीच राहिली, तर गडद ॲलील एक टक्क्याचा दहावा हिस्सा व्हायला चौदा-पंधरा वर्षं पुरतात.